एका नमुन्याला दोन आकडे कशाला? १००.७ वरच्या आय-क्यू फाइलचा हिशेब

स्नेहल_दादर

लॅमिंग्टन रोडवरून आरटीएल-एसडीआरचं डोंगल आणलं, अँटेना खिडकीच्या ग्रिलला बांधली आणि एफएम गोल्ड छान लागलं. पण वाजवणारं सॉफ्टवेअर आत काय करतं ते बघायचं होतं, म्हणून डोंगलकडून येतो तो कच्चा माल दोन सेकंद साठवला:

```
rtl_sdr -f 100700000 -s 240000 -g 20 -n 480000 gold.bin
```

नमुने ४,८०,००० मागितले आणि फाइल झाली ९,६०,००० बाइटांची. म्हणजे प्रत्येक नमुन्याला दोन बाइट, आधी आय आणि मग क्यू. फाइलच्या मधल्या तीन जोड्या अशा आहेत:

```
201 160
164 199
112 206
```

माझी अडचण नीट सांगते. साउंड कार्ड एका क्षणाला एकच आकडा देतं आणि त्यावर सगळं गाणं वाजतं. इथे दोन का? जिथे वाचावं तिथे "क्यू म्हणजे तोच सिग्नल ९० अंशांनी सरकवलेला" एवढं लिहून लोक पुढे जातात. तोच सिग्नल असेल तर त्यातून नवीन काय कळतं? पहिल्यावरून दुसरा काढता येणार नाही का? सूत्र मला माहीत आहे. ते तसंच का, हे कुणी या तीन जोड्या घेऊन दाखवलं तर बरं होईल.

तारवाला

सोपं आहे. आय म्हणजे सिग्नलची ताकद, क्यू म्हणजे फेज. एएममध्ये माहिती ताकदीत असते, तिथे आय पुरतो. एफएमला फेज लागते म्हणून क्यू घ्यावा लागतो. दोन्ही दिले की कुठलाही सिग्नल भागतो.

वैजू_मुलुंड

तारवाला, दोन आकड्यांत ताकद आणि फेज दोन्ही दडलेल्या असतात हे बरोबर, पण एकेकात एकेक नसते. दोन्ही गोष्टी दोन्ही आकड्यांत मिसळलेल्या असतात. स्नेहलच्याच जोड्या घेऊ.

हे बाइट ० ते २५५ मधले आहेत, मधला बिंदू १२७.५. तेवढे वजा केले की पहिली जोडी होते आय ७३.५, क्यू ३२.५. दुसरी ३६.५ आणि ७१.५. तिसरी उणे १५.५ आणि ७८.५.

आता क्यू झाकून फक्त आय बघ. ७३.५, ३६.५, उणे १५.५. काय झालं असेल? स्टेशनची ताकद कमी झाली? फेज फिरली? फिरली तर पुढे की मागे? एकट्या आयवरून यातलं काहीच ठरत नाही. माहीमच्या उरुसातला मोठा पाळणा कडेने, अगदी त्याच्या पातळीत उभं राहून बघितला, तर त्यावरचा एक दिवा नुसता वर-खाली होताना दिसतो आणि पाळणा कुठल्या बाजूला फिरतोय ते सांगता येत नाही, तसंच हे.

आता क्यू उघड. प्रत्येक जोडी कागदावर बिंदू म्हणून मांड, आय आडवा, क्यू उभा. मध्यापासूनचं अंतर पहिल्या बिंदूला ८०.४, दुसऱ्याला ८०.३, तिसऱ्याला ८०.० येतं. म्हणजे ताकद हललेलीच नाही. कोन मात्र २३.९ अंशांवरून ६३.० वर आणि तिथून १०१.२ वर गेला. बिंदू वर्तुळावर पुढे चालला आहे, एका नमुन्यात ३९ अंश, पुढच्यात ३८.

तू सेकंदाला २,४०,००० नमुने घेतलेस. एका नमुन्यात ३९.१ अंश म्हणजे सेकंदाला साधारण २६,००० फेरे. म्हणजे त्या क्षणी स्टेशनची लहर १००.७ मेगाहर्ट्झच्या २६ किलोहर्ट्झ वर होती. एफएममध्ये आवाज म्हणजे हेच वर-खाली सरकणं, तेव्हा हा २६ चा आकडा हाच त्या क्षणीचा तुझा आवाज. दुसरं काही करावं लागत नाही. स्टेशन जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ सरकतं, ते तुझ्या वेगाला नमुन्यामागे ११२.५ अंश होतात. १८० च्या आत आहेत, म्हणून पुढे गेला की मागे याचा घोळ होत नाही.

चाळकरी

एक शंका. कोन मागे गेला तर फ्रिक्वेन्सी उणे येणार. उणे फ्रिक्वेन्सी प्रत्यक्षात असते का? मला तर ती गणिताची सोय वाटते.

वैजू_मुलुंड

हवेत उणे काही नसतं. पण डोंगल १००.७ ला लावलं की मोजमाप तिथून सुरू होतं. १००.७ शी बरोब्बर जुळलेली लहर एका जागी थांबलेला बिंदू दिसते. त्याच्या वरची लहर घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, खालची घड्याळाच्या दिशेने. उणे म्हणजे "लावलेल्या जागेच्या खाली", एवढंच.

हा फरक किती खरा आहे ते बघायचं तर डोंगल ९३.१ ला लावा आणि वेग २४ लाख नमुने ठेवा. मुंबईत ९२.७ आणि ९३.५ अशी दोन स्टेशनं आहेत, मधल्या जागेपासून दोन्ही बरोब्बर ४०० किलोहर्ट्झवर, एक खाली, एक वर. फक्त आय घेतला तर दोघांचंही ४०० किलोहर्ट्झचं वर-खाली होणं होतं आणि दोन स्टेशनं एकमेकांवर आदळतात. नंतर कितीही गाळलं तरी ती वेगळी होत नाहीत, कारण त्या आकड्यांत वेगळेपणा उरलेलाच नसतो. आय-क्यूमध्ये एक उलटं फिरतंय आणि एक सुलटं, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही तुमच्या हातात असतात.

स्नेहलचा तो प्रश्न राहिला, पहिल्यावरून दुसरा काढता येणार नाही का. दुप्पट वेगाने एकेरी नमुने घेतलेस तर येतो. ४,८०,००० एकेरी आकडे किंवा २,४०,००० जोड्या, आकडे तेवढेच आणि त्यांतली माहितीही तेवढीच. तुझ्या डोंगलमध्ये आत हेच चालतं. आर८२०टी हा ट्यूनर असेल तर तो स्टेशनला ३.५७ मेगाहर्ट्झवर उतरवतो, पुढची आरटीएल२८३२यू चिप ते सेकंदाला २ कोटी ८८ लाख एकेरी नमुन्यांनी मोजते, मग त्या आकड्यांना एकदा कोसाइनने आणि एकदा साइनने गुणते, गाळते आणि वेग उतरवून जोड्या तुझ्याकडे पाठवते. बाहेर येताना जोडी असते, आत शिरताना एकेरी.

जुना_ट्रान्झिस्टर

चर्चा चांगली आहे. माझा प्रश्न असा की या डोंगलवर मध्यम लहरी लागतील का? ५५८ किलोहर्ट्झ लावून बघितलं, नुसती खरखर येते. आमच्या जुन्या फिलिप्सवर अस्मिता वाहिनी याच आकड्यावर स्पष्ट लागायची.

प्रथमेश_के

काका, आर८२०टी साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. तुमच्या डोंगलमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय आहे का बघा. त्यात ट्यूनर बाजूला ठेवून अँटेना थेट मोजणाऱ्या चिपला जोडली जाते.

वैजू_मुलुंड

आणि काका, तसं केलंत तर या धाग्यातली गोष्ट तुम्हाला समोर दिसेल. तिथे मोजणी एकेरी आणि वेग २८.८ मेगाहर्ट्झ, म्हणून १४.४ च्या अलीकडचं आणि पलीकडचं एकमेकांवर दुमडतं. ५५८ किलोहर्ट्झवर जे दिसेल ते २८.२४२ मेगाहर्ट्झवरही दिसेल. पुढे चिप जोड्या बनवते खरी, पण घडी त्याआधीच पडलेली असते. त्यावर उपाय अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये फिल्टर लावणं हाच.

जुना_ट्रान्झिस्टर

धन्यवाद. सोय आहे का ते मुलाकडून बघून घेतो.

तारवाला

वैजूताई, बिंदूचं पटलं. पण मग साठवायचंच आहे तर थेट अंतर आणि कोनच का साठवत नाहीत? शेवटी ताकद आणि फेजच हवी आहे ना. आणि एएमला आय पुरतो हे मी अजून सोडलेलं नाही.

वैजू_मुलुंड

एएमचं आधी. डोंगल स्टेशनवर तंतोतंत बसलं आणि फेजही जुळली तर आय पुरेल. पण डोंगलच्या क्रिस्टलमध्ये थोडा फरक असतोच. समजा स्टेशन मध्यापासून १ किलोहर्ट्झ बाजूला पडलं, तर बिंदू सेकंदाला हजार फेरे मारणार आणि एकटा आय त्याच्या दुप्पट वेळा शून्यातून जाणार. ताकद तीच असून आवाज थरथरेल. मध्यापासूनचं अंतर घेतलं, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ, तर बिंदू कितीही फिरो, ताकद स्थिर मिळते.

अंतर आणि कोन न साठवण्याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अँटेनाला एकच सिग्नल कधीच मिळत नाही. ९२.७, ९३.५, शेजारच्या एलईडी दिव्याचा कचरा, सगळं एकदम येतं. आय-क्यूमध्ये हे सगळे बाण टोकाला टोक जोडल्यासारखे बेरजेत असतात. आयमध्ये आय मिळवलेला, क्यूमध्ये क्यू. बेरीज आहे म्हणून ती सोडवता येते. ९३.५ हवं तर प्रत्येक जोडीला आधीच्यापेक्षा ६० अंश जास्त असं घड्याळाच्या दिशेने फिरवत जा, कारण २४ लाखांच्या वेगाला ४०० किलोहर्ट्झ म्हणजे नमुन्यामागे ६० अंश. ते स्टेशन मध्यावर येऊन स्थिर होतं, बाकीचं फिरत राहतं आणि फिल्टरमध्ये गळून जातं. अंतर-कोनात ही बेरीजच राहत नाही. दोन स्टेशनांच्या कोनांची बेरीज केली तर तिला काही अर्थ नसतो. शिवाय बिंदू मध्याच्या अगदी जवळून गेला की कोन एकदम उडी मारतो. म्हणून साठवायचं आय-क्यू, आणि एक स्टेशन वेगळं काढल्यावर अंतर किंवा कोन, हा क्रम.

"कुठलाही सिग्नल" हे शब्दही जपून वापरावेत. २४ लाख जोड्या म्हणजे लावलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना १.२ मेगाहर्ट्झ, आणि कडेला फिल्टर उतरत जातो म्हणून त्याहून थोडं कमीच. त्या पट्ट्यातलं काहीही, मग ते एएम असो, एफएम असो की डिजिटल. पट्ट्याबाहेरचं नाही.

प्रथमेश_के

माझी केस विचारून घेतो. कॉलेजचा हॅकआरएफ आहे, मी विलेपार्ल्यात. ९८.८ ला लावला की ९८.३ वर मिर्ची दणदणीत दिसतं आणि ९९.३ वर त्याचंच भूत, बरंच बारीक, पण आकार तोच. मध्यावर एक उभी रेघही सतत असते. आय आणि क्यू उलटे आलेत का?

चाळकरी

उलटे आले असते तर आवाजच आला नसता.

वैजू_मुलुंड

चाळकरी, एफएमवर येतो की. आय-क्यूची अदलाबदल झाली तर कोन उलट दिशेने मोजला जातो, म्हणजे आवाजाची लहर नुसती पालथी होते, आणि पालथी लहर कानाला तशीच ऐकू येते. एएममध्ये अंतर तेच राहतं, तिथेही पत्ता लागत नाही. पकडायचं तर मध्यापासून बाजूला असलेलं ओळखीचं स्टेशन बघायचं, ते आरशातल्यासारखं दुसऱ्या बाजूला दिसेल. किंवा हॅमच्या ४० मीटर पट्ट्यातलं सिंगल साइडबँड बोलणं लावायचं, ते मग लोअरवर नाही तर अप्परवर सुधरतं.

प्रथमेश, तुझ्याकडे स्टेशन आपल्या जागीच आहे, म्हणजे अदलाबदल नाही. हॅकआरएफमध्ये आय आणि क्यूचे शेवटचे टप्पे दोन वेगळ्या ॲनालॉग वाटांनी येतात. दोन वाटा तंतोतंत सारख्या नसतात. एकीची ताकद जराशी जास्त, दोघींमधला कोन ९० ऐवजी ८९ अंश, असं काहीतरी होतं आणि वर्तुळाची किंचित लंबगोल होते. लंबगोल म्हणजे एक मोठं वर्तुळ सुलटं आणि एक छोटं उलटं. ते छोटं म्हणजे तुझं भूत. एक अंशाची चूक असेल तर ते मूळ स्टेशनच्या साधारण ४१ डेसिबल खाली दिसतं. दोन वाटांच्या ताकदीत १ डेसिबलचा फरक असेल तर फक्त २५ खाली, म्हणजे डोळ्यात भरेल असं. मध्यावरची रेघ वेगळी, ती दोन्ही वाटांतल्या स्थिर व्होल्टेजमुळे येते. स्टेशन मध्यावर न लावता थोडं बाजूला लावायचं की तिचा त्रास संपतो.

तपासायचं असं: ९८.८ वरून ९८.९ ला सरक. खरं स्टेशन असेल तर आपल्या आकड्यावरच राहील. आरशातलं भूत १०० ने नाही, २०० किलोहर्ट्झने सरकेल, ९९.३ वरून ९९.५ वर.

प्रथमेश_के

करून बघितलं. ९९.३ चं ९९.५ ला गेलं! पण ९९.१ च्या आसपास एक अगदी बारीक टेकाड आहे, ते जागचं हललं नाही.

वैजू_मुलुंड

मग ते आय-क्यूचं नाही. गेन ५-६ डेसिबल कमी कर. बाकी स्टेशनं उतरतील तेवढंच तेही उतरलं तर ते हवेतून येतंय. त्यांच्या दुपटी-तिपटीने कोसळलं तर पुढचा ॲम्प्लिफायर जवळच्या जोरदार स्टेशनांनी गुदमरतोय आणि ते टेकाड तिथेच तयार होतंय.

प्रथमेश_के

गेन कमी केल्यावर ते नॉइजमध्येच बुडतं, किती उतरलं ते मोजता येत नाही. गच्चीवरून पुन्हा बघतो.

स्नेहल_दादर

वैजूताई, तीन जोड्यांचा हिशेब कागदावर केला आणि मग पूर्ण फाइलवर चालवला. सुरुवातीच्या थोड्या नमुन्यांत डोंगल स्थिरावत असतं असं दिसलं, ते सोडले.

```python
import numpy as np
b = np.fromfile("gold.bin", dtype=np.uint8).astype(float) - 127.5
z = (b[0::2] + 1j*b[1::2])[20000:]
d = np.angle(z[1:] * np.conj(z[:-1]))
f = d * 240000 / (2*np.pi)
print(f.mean())
```

`f` चा वेग उतरवून वाजवलं तर निवेदकाचा आवाज आला, तोही स्वच्छ. सरासरी मात्र शून्य नाही, साधारण उणे ४,१०० येते. आणि सगळे बिंदू कागदावर टाकले तर कडं दिसतं, पण ते तारेसारखं बारीक नाही. मेदूवड्याएवढं जाड आहे. तीन जोड्यांत अंतर ८० च्या आसपास होतं, पूर्ण फाइलमध्ये ते ५५ पासून ९५ पर्यंत फिरतं. एफएममध्ये ताकद हलत नाही ना?

वैजू_मुलुंड

उणे ४,१०० ही तुझ्या क्रिस्टलची चूक. १००.७ मेगाहर्ट्झवर ४.१ किलोहर्ट्झ म्हणजे दशलक्षात ४१ भाग. स्वस्त डोंगलमध्ये एवढी असते. आवाजाची सरासरी शून्य असते, म्हणून उरलेली सरासरी ही सरळ चूक मोजते.

कडं जाड का, याची तीन कारणं असू शकतात. नॉइज असेल तर जाडी सगळीकडे सारखी पसरते. गेन जास्त असेल तर बाइट ० आणि २५५ ला आपटतात आणि कडं चौकोनी दिसतं. तुझं ९५ च्या आत आहे, तेव्हा ते नाही. तिसरं म्हणजे परावर्तन. दादरला चहूबाजूंनी टॉवर आहेत. एक किलोमीटर जास्त फिरून आलेली लहर ३.३ मायक्रोसेकंद उशिरा येते आणि मूळ लहरीत मिसळते. स्टेशन ७५ किलोहर्ट्झ वर असताना ती साथ देते, खाली असताना विरोधात जाते. म्हणजे ताकद फ्रिक्वेन्सीबरोबर बदलायला लागते.

एक आलेख काढ, आडवा `f`, उभं `abs(z[1:])`. ढग दिसला तर नॉइज. वाकडी रेषा दिसली तर परावर्तन.

स्नेहल_दादर

वाकडी रेषा आहे, स्पष्ट. उणे बाजूला ताकद पडते, अधिक बाजूला चढते. आणि अगदी दोन्ही टोकांना पुन्हा उतरते.

तारवाला

टोकांचं उतरणं डोंगलच्या फिल्टरचं वाटतं मला. स्टीरिओ एफएमला ७५ अधिक ५३, त्याची दुप्पट, म्हणजे साधारण २५६ किलोहर्ट्झ रुंदी लागते. तुम्ही २४० घेतलीत. कडा कापल्या जाणारच.

वैजू_मुलुंड

तारवाला, हे पटतंय. स्नेहल, दोन प्रयोग कर. एक, वेग ९,६०,००० ठेवून पुन्हा साठव, म्हणजे फिल्टरच्या कडा लांब जातील. रुंद पट्ट्यात नॉइज जास्त येईल, ढग थोडा फुगेल, त्याला इलाज नाही. शेजारचं स्टेशन त्यात येत असेल तर आधी ते गाळून टाक. दोन, २,४०,००० लाच राहून डोंगल ३० किलोहर्ट्झ बाजूला लाव. वाकडेपणा डोंगलचा असेल तर आलेखात तो मध्याला धरून जागीच राहील. हवेतला असेल तर स्टेशनबरोबर ३० ने सरकेल.

स्नेहल_दादर

९,६०,००० ला टोकांचं उतरणं गेलं. चढ मात्र तसाच आहे. बाजूला लावून बघितलं तर चढ सरकतो, पण पूर्ण ३० ने नाही, १५-२० ने सरकल्यासारखा वाटतो. ढगातून नेमकं वाचता येत नाहीये.

चाळकरी

मी परळला सतराव्या मजल्यावर आहे. माझ्याकडे हाच आलेख जवळपास सपाट येतो, आणि डोंगल तेच.

वैजू_मुलुंड

अर्धवट सरकणं म्हणजे दोन्ही कारणं मिसळलेली असावीत. स्नेहल, अँटेना ग्रिलवरून काढून खिडकीच्या दुसऱ्या टोकाला लाव आणि बाकी काही न बदलता पुन्हा साठव. एफएमची लहर तीन मीटरची आहे, मीटरभर सरकवलीस तरी परावर्तनाचा मेळ बदलायला हवा. दोन्ही फाइलींचे आलेख इथे टाक, चाळकरींचाही सोबत ठेवू.

स्नेहल_दादर

रविवारी करते. ग्रिललाही अँटेनासारखं वागायची सवय असेल तर तेही एकदा तपासायला हवं, ती पूर्ण भिंतभर आहे.